72 की 54? तिसऱ्या वाचनाला बसण्याआधी

प्रश्न : मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकवते. रुजू होऊन दीडच वर्ष झालंय. आमच्या मास्टर्सच्या एका डिसर्टेशनला पहिल्या मार्करनी 72 आणि दुसऱ्यांनी 54 गुण दिलेत. पहिल्या मार्कर म्हणजे त्या विद्यार्थिनीच्या मार्गदर्शक, आणि विभागात मला खूप सीनियर. दोघांचं बोलणं झालं, पण कुणीच आपला आकडा सोडेना. आता तिसरी मार्कर म्हणून ते माझ्याकडे आलंय. ईमेलमध्ये दोघांचे गुण आणि शेरेही होते, ते मी वाचून बसले. कोर्सप्रमुख म्हणतात, '63 टाक आणि मोकळी हो, पुढच्या गुरुवारी बोर्ड आहे.' मला ते पटत नाही. पण 63 नाही तर किती, आणि कशाच्या जोरावर? दोघांच्या गुणपत्रिका नावं काढून सोबत जोडतेय.

उत्तर : 63 टाकू नका. दोन मार्करांमध्ये तीन-चार गुणांचा फरक असेल तर सरासरी काढायला हरकत नाही. त्या वेळी दोघांनी तेच पाहिलेलं असतं, फक्त एकाचा हात थोडा सैल आणि दुसऱ्याचा थोडा आखडता. 18 गुणांचा फरक त्या जातीचा नाही. इथे दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत, आणि त्यांची सरासरी कुठल्याच डिसर्टेशनचं वर्णन करत नाही. इंग्लंडमधल्या बहुतेक मास्टर्सना 50 ला पास, 60 ला मेरिट आणि 70 ला डिस्टिंक्शन असते. म्हणजे तुमच्या एका मार्करच्या मते हे डिस्टिंक्शनचं काम आहे, दुसऱ्याच्या मते जेमतेम पास. 63 लिहिलं की ते मेरिट होतं, आणि मेरिट असं दोघांपैकी एकही म्हणत नाही. उद्या त्या विद्यार्थिनीने '63 का?' असं विचारलं तर तिला उत्तर देऊ शकेल असा माणूस विभागात सापडणार नाही.

वाचायला बसण्याआधी तुमच्या विद्यापीठाचे मार्किंगचे नियम उघडा. तिसऱ्या मार्करने नेमकं काय करायचं, हे सगळीकडे सारखं नसतं. काही ठिकाणी तिसरा मार्कर निवाडा करतो, म्हणजे दोघांचे शेरे समोर ठेवून 54 ते 72 च्या आतला आकडा कारणासह ठरवतो. काही ठिकाणी तो संपूर्ण स्वतंत्र गुण देतो आणि त्याला ही चौकट नसते. भारतातल्या काही विद्यापीठांत दुहेरी तपासणीनंतर तिसरा परीक्षक आला की जवळच्या दोन गुणांची सरासरी घेतात, तशीही पद्धत असते. ठरावीक फरकाच्या पुढे, बहुधा 10 गुणांच्या पुढे किंवा श्रेणी बदलत असेल तर, सरासरी काढूच नये असंही अनेक नियमावल्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाक्य तुमच्याकडे असेल तर कोर्सप्रमुखांशी वाद घालायची गरजच उरणार नाही. त्यांना कलम क्रमांकासह एक ओळ पाठवा.

दुसरं काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते कंटाळवाणं असल्यामुळेच राहून जातं. हा फरक खरोखर मताचा आहे की कारकुनी, ते तपासा. दोघांनी एकच फाइल वाचली का? पोर्टलवर मसुदा आणि अंतिम प्रत अशा दोन फाइली असतात, आणि मार्गदर्शकाकडे तर आधीच्या प्रती ईमेलमध्येही पडून असतात. परिशिष्टं दोघांना दिसली का? बेरजा बरोबर आहेत का? शब्दमर्यादा ओलांडल्याची किंवा उशिराची वजावट कुणी परस्पर करून टाकली नाही ना? ती ऑफिसने नंतर करायची असते, आणि एकाने आधीच केली असेल तर दहा गुण तिथेच सापडतात. तुमच्या जोडलेल्या पत्रिकांतल्या बेरजा मी करून पाहिल्या, त्या बरोबर आहेत. बाकीचं तुम्हालाच पाहावं लागेल.

आता खरी अडचण. तुम्ही आकडे पाहून बसला आहात. 72 आणि 54 डोक्यात असताना वाचणारा माणूस नकळत त्यांच्या मधली जागा शोधायला लागतो, प्रत्येक पान 'या बाजूचं की त्या बाजूचं' असं तोलतो. पाहिलेलं पुसता येत नाही, पण त्याचा जोर कमी करता येतो. बोर्ड पुढच्या गुरुवारी आहे, तर आज-उद्या त्या ईमेलकडे फिरकू नका. खुणा नसलेली स्वच्छ प्रत ऑफिसकडून मागवा. त्यावर मार्करांच्या टिपा असतील तर तुमची नजर त्यांच्याच मागे धावेल. मग 15,000 शब्द एका बैठकीत वाचा. परिशिष्टं चाळण्यासकट तीनेक तास धरा.

वाचताना गुण देऊ नका. प्रत्येक प्रकरणाखाली, पान क्रमांकासह, दोनच गोष्टी लिहा : इथे तिने काय दावा केला आणि तो कशावर उभा आहे. 'छान', 'कमकुवत' असले शब्द या टप्प्यावर वर्ज्य. वाचून झाल्यावर, गुणपत्रिका उघडण्याआधी, अर्ध्या पानाचं तुमचं स्वतःचं मत लिहा आणि निकषवार कच्चे गुण टाका. त्या कागदावर तारीख-वेळ घाला आणि ती फाइल नंतर बदलू नका. तुमचं मत आधी झालं होतं आणि दोघांचे शेरे नंतर पुन्हा पाहिले, याचा तोच एकमेव पुरावा राहील. आकडे आणि शेरे आधीच कळले होते ही गोष्टही नोंदीत प्रामाणिकपणे लिहा. त्यात कमीपणा नाही, आणि पुढच्या वेळी ऑफिस ते पाठवणार नाही.

यानंतर दोघांच्या पत्रिका शेजारी शेजारी ठेवा आणि एकूण आकडा झाकून टाका. भांडण 72 विरुद्ध 54 असं दिसतं म्हणून ते सुटत नाही. ते निकषांत फोडलं की लगेच आकारात येतं. तुमच्याकडे चार निकष आहेत. प्रश्न आणि पूर्वसंशोधन 25 गुणांना, त्यात दोघांनी दिले 18 आणि 15. पद्धत 25 ला, तिथे 18 आणि 11. विश्लेषण आणि युक्तिवाद 35 ला, तिथे 26 आणि 20. मांडणी 15 ला, तिथे 10 आणि 8. म्हणजे 18 पैकी 13 गुणांचा फरक पद्धत आणि विश्लेषण या दोनच ठिकाणी आहे. तुमचं तिसरं वाचन तिथे करायचं आहे. मांडणीतल्या दोन गुणांवर डोकं शिणवू नका. तो फरक मतभेद म्हणायच्या लायकीचाच नाही, तिथे 9 लिहा आणि पुढे चला.

मग शेरे. आकड्यांपेक्षा शेरे जास्त बोलतात, आणि इथे तर फारच स्पष्ट बोलताहेत. दुसऱ्या मार्करनी पद्धतीखाली लिहिलंय : 'नमुना फक्त 12 चा, निष्कर्ष सर्वसाधारण करता येत नाहीत. कोडिंग एकाच व्यक्तीने केलं, दुसऱ्याने पडताळलेलं नाही.' पण हे डिसर्टेशन मुलाखतींवर आधारलेलं गुणात्मक काम आहे, आणि तिने ब्राउन आणि क्लार्क यांची रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक पद्धत, म्हणजे मुलाखतींतून सामायिक अर्थसूत्रं, म्हणजेच थीम, शोधायची पद्धत, वापरल्याचं सांगितलंय. त्या पद्धतीत 12 मुलाखती हा आपोआप दोष ठरत नाही. कोडिंग म्हणजे मुलाखतींच्या मजकुराला अर्थानुसार खुणा लावणं, आणि दोन कोडरांचं जुळणं तर ती पद्धत मागतच नाही. संशोधकाची स्वतःची समज हाच तिथे विश्लेषणाचा भाग असतो, त्यामुळे दोघांचं कोडिंग किती टक्के जुळलं हा प्रश्न त्या चौकटीत बसत नाही. दुसरे मार्कर संख्याशास्त्राकडून आलेले असावेत असा माझा अंदाज आहे. त्यांनी सर्वेक्षणाचं माप मुलाखतींना लावलंय. 18 पैकी 7 गुण इथे गेले, आणि त्यामागची कारणं या कामाला लागू पडत नाहीत.

पण म्हणून पहिल्या मार्कर बरोबर ठरतात असं नाही, आणि तिसऱ्या मार्करची खरी घसरगुंडी इथेच असते. एकाचं कारण चुकीचं निघालं की दुसऱ्याचा गुण जशाच्या तसा उचलायचा मोह होतो. पहिल्यांचा शेरा पाहा : 'अत्यंत कष्टाळू. मुलाखती मिळणं कठीण होतं, तरी चिकाटीने मिळवल्या. विश्लेषण संवेदनशील आणि सखोल.' यातली पहिली दोन वाक्यं डिसर्टेशनबद्दल नाहीत, विद्यार्थिनीबद्दल आहेत. मार्गदर्शकाने वर्षभर तिची धडपड पाहिलेली असते. पानावर अर्धवट राहिलेला विचार त्यांना पूर्ण दिसतो, कारण तो त्यांनी तिच्या तोंडून ऐकलेला असतो. निकषांत कष्टाला गुण नाहीत. तिसरं वाक्य कामाबद्दल आहे, पण त्यात एकही पान क्रमांक नाही. 'सखोल' कुठे, ते तुम्हालाच शोधावं लागेल.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या मार्करच्या पत्रिकेत डोळ्यात भरते. भाषा कच्ची असल्याचा शेरा पूर्वसंशोधनाखाली आहे, विश्लेषणाखाली आहे, आणि मांडणीखालीही. भाषेचा निकष एकच आहे, मांडणीचा. एकाच दोषाची तीनदा वजावट झाली आहे. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे फार वेळा होतं आणि एकूण आकड्यात ते दिसतच नाही. वाक्यरचना अडखळती असली की वाचणाऱ्याला विचारही अडखळता वाटायला लागतो. पूर्वसंशोधनात 15 देताना भाषेपलीकडे दुसरं कारण दिलेलं नाही. तुमच्या वाचनातही तिथे दुसरा दोष सापडला नाही, तर 18 च राहू द्या.

आता वादाच्या पानांकडे परत जा. मी तिचं डिसर्टेशन वाचलेलं नाही, त्यामुळे पुढचं 'समजा' म्हणून घ्या. तुमच्या हाती काय येतं त्यावर आकडा ठरेल. आकडा कसा घडतो, एवढं यातून दिसावं.

समजा काम आहे लेस्टरमधल्या, टाइप 2 मधुमेह असलेल्या बारा गुजराती स्त्रियांच्या खाण्यापिण्यावर. पद्धतीचं प्रकरण पुन्हा वाचताना लक्षात येतं, की बाराही जणी एकाच मंदिराच्या महिला मंडळातून आल्या आहेत. म्हणजे मंदिरात न जाणाऱ्या, घराबाहेर फारशा न पडणाऱ्या, मंडळात न बसणाऱ्या स्त्रिया यात नाहीतच. हे अपरिहार्य असू शकतं. पण मर्यादांच्या परिच्छेदात तिने 'नमुना लहान आहे' एवढंच लिहिलंय, मंडळाचा उल्लेखच नाही. दुसऱ्या मार्करना काहीतरी खटकलं होतं ते खरं होतं, त्यांनी बोट मात्र भलत्याच जागी ठेवलं. संख्या बारा आहे हा प्रश्न नाही, बाराही जणी एकाच दारातून आल्या आणि त्याचा विचार झाला नाही, हा आहे. हा दोष पहिल्या मार्करच्या नजरेतून पूर्ण सुटला. संमतिपत्रं, मुलाखतीचा आराखडा, कोडिंगचे टप्पे हे सगळं मात्र नीट आहे. निकषपत्रिकेत 70 च्या वर 'मर्यादांचं चिकित्सक परीक्षण' असं असेल आणि 60 च्या पट्ट्यात 'पद्धत प्रश्नाला साजेशी, सक्षमपणे राबवलेली, मर्यादा अंशतः ओळखलेल्या' असं असेल, तर हे काम दुसऱ्या वर्णनात बसतं. 25 पैकी 70 टक्के म्हणजे साडेसतरा. त्याखाली, पण पट्ट्याच्या मधोमध, 16.

विश्लेषणात समजा तीन थीम आहेत. त्यातल्या दोन, 'आहाराची माहिती' आणि 'व्यायामातले अडथळे', म्हणजे मुलाखतीत विचारलेले प्रश्नच आहेत, मथळा बदलून. उत्तरं गोळा केली, त्यातून अर्थ काढला नाही. ब्राउन आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये ही पद्धत मांडतानाच या चुकीबद्दल बजावलंय, त्यामुळे हा दोष तिच्याच चौकटीतून दाखवता येतो, बाहेरचं माप लावावं लागत नाही. पण तिसरी थीम वेगळीच आहे. घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होतो आणि तो करणारीच आजारी आहे. आपल्यासाठी वेगळं करणं म्हणजे घरच्यांवर ओझं, असं तिला वाटतं. इथे विद्यार्थिनीने पाच मुलाखतींतले उतारे एकमेकांसमोर ठेवलेत, आणि नवव्या मुलाखतीतली बाई नेमकं उलट सांगते, तीही लपवलेली नाही, तिचं काय करायचं याचा विचार केलाय. हे डिस्टिंक्शनच्या दर्जाचं विश्लेषण आहे. पहिल्या मार्करचा 'सखोल' हा शब्द या पानांना लागू पडतो, पूर्ण प्रकरणाला नाही. शेवटच्या प्रकरणात ती मग 'ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई स्त्रिया' असं सरसकट लिहायला लागते, आणि बारा जणींवरून तो दावा पेलत नाही. दोन थीम साध्या, एक उत्तम, निष्कर्ष ताणलेला. 35 पैकी 23.

बेरीज होते 18, 16, 23 आणि 9. म्हणजे 66.

हा आकडा दोघांच्या मध्ये आहे, पण मध्यावर नाही, आणि प्रत्येक गुण कुठून आला ते सांगता येतं. तो लगेच पक्का मात्र करू नका. याच वर्षीची, दोन्ही मार्करांचं एकमत झालेली दोन डिसर्टेशनं मागवा, एक साठीच्या आसपासचं आणि एक सत्तरच्या थोडं वरचं. शक्यतो तीही मुलाखतींवर आधारलेली घ्या. सगळी वाचू नका, फक्त पद्धत आणि विश्लेषण. तुमचं 66 पहिल्यापेक्षा खरोखर सरस आणि दुसऱ्यापेक्षा उणं दिसतंय का? दिसत नसेल तर तुमचा हात सैल किंवा आखडता पडलाय, निकष पुन्हा उघडा. तुमचं शिक्षण भारतात झालं असेल तर हे जरूर करा. आपल्याकडे 60 ला फर्स्ट क्लास, त्यामुळे 66 म्हणजे बरंच चांगलं अशी नजर तयार झालेली असते. इथल्या पट्ट्यांशी ती सहज जुळत नाही, आणि नव्या मार्करचे गुण एकतर सगळे पन्नाशीत अडकतात किंवा भरपाई म्हणून उगाच वर जातात.

नियमांत 'जवळच्या दोघांची सरासरी' असेल, तर 72 आणि 66 चे 69 होतील. हा आकडा कुणाच्याच वाचनातून आलेला नाही आणि डिस्टिंक्शनला एक गुण कमी पडतोय, म्हणजे बोर्डात त्यावर चर्चा होणारच. नियम तसा असेल तर तो पाळावाच लागेल, पण तुमचं 66 आणि त्यामागची कारणं नोंदीत स्वतंत्र राहू द्या, बोर्डाला त्यांचीच गरज पडेल. आणि तुमचं वाचन 54 च्या खाली किंवा 72 च्या वर गेलं तर? नियम स्वतंत्र गुण देऊ देत असतील तर तोच आकडा लिहा. देत नसतील तर काठावर आणून कापू नका, बोर्डाच्या अध्यक्षांना लेखी कळवा आणि त्यांना ठरवू द्या.

एका शक्यतेसाठी मात्र वाचन तिथेच थांबवायचं. मुलाखतीतला उतारा परिशिष्टातल्या प्रतीत सापडत नसेल, किंवा एखादा परिच्छेद दुसरीकडून उचललेला वाटत असेल, तर त्यासाठी गुण कापू नका. शंकेवर गुण कापणं हे चौकशीविना शिक्षा देणं आहे. ते प्रकरण गैरप्रकारांच्या प्रक्रियेकडे पाठवा आणि गुण तोवर राखून ठेवा. दुसऱ्या मार्करच्या 54 मागे अशी न बोललेली शंका नाही ना, हे त्यांना सरळ विचारून घ्या. मोठ्या फरकामागे ती कधी कधी असते आणि शेऱ्यात तिचा मागमूस नसतो.

आता नोंद. तुमच्या फॉर्ममध्ये तीन ओळींची चौकट असेल, ती पुरणार नाही, वेगळा कागद जोडा. भाषा साधी आणि दोघांबद्दल आदराची ठेवा, पण अस्पष्ट नको. साधारण अशी :

'मी ही प्रत स्वतंत्रपणे वाचली. दोन्ही मार्करांचे गुण आणि शेरे मला आधी कळले होते. माझं मत त्यांचे शेरे पुन्हा पाहण्याआधी लिहून ठेवलं, ते सोबत आहे. फरक मुख्यतः पद्धत आणि विश्लेषण या निकषांत आहे. पद्धत : नमुन्याची संख्या आणि दुसऱ्या कोडरचा अभाव हे या पद्धतीत दोष धरलेले नाहीत. सहभागी एकाच मंडळातून निवडले गेले आणि त्याची चर्चा नाही (पान 31, 58), म्हणून गुण 70 टक्क्यांखाली. विश्लेषण : तिसरी थीम (पान 44 ते 49) वरच्या पट्ट्यातली, पहिली आणि दुसरी मुलाखतीच्या प्रश्नांपुढे जात नाहीत, निष्कर्षातला दावा (पान 61) पुराव्यापेक्षा मोठा. भाषेचा विचार फक्त मांडणीत केला. गुण 18, 16, 23, 9, एकूण 66.'

यात कुणाला जिंकवलेलं नाही आणि कुणाला हरवलेलंही नाही, आणि कुठलंही वाक्य पान उघडून तपासता येतं. लिहिताना असं समजा की हे विद्यार्थिनी वाचणार आहे, कारण ती मागू शकते. ब्रिटनच्या 2018 च्या डेटा संरक्षण कायद्यात विद्यार्थ्याने लिहिलेल्या उत्तरपत्रिकेला सवलत आहे, परीक्षकाच्या शेऱ्यांना नाही. म्हणूनच जुन्या दोन्ही पत्रिका बदलायच्या किंवा काढून टाकायच्या नाहीत. तिन्ही जशाच्या तशा जपायच्या, पण फीडबॅक म्हणून तिला एकच सलग मजकूर द्यायचा, जो 66 शी जुळतो. 'विश्लेषण सखोल' आणि 'विश्लेषण वरवरचं' अशी दोन वाक्यं एकाच पानावर तिच्या हाती पडली तर अपील येणारच.

अपिलाबद्दल कोर्सप्रमुखांना एवढं सांगा. इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यार्थी शेवटी विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅडज्युडिकेटर या स्वतंत्र संस्थेकडे जाऊ शकतो. 66 की 68 हा निर्णय ते ऑफिस बदलत नाही, तो शैक्षणिक निर्णय मानला जातो. विद्यापीठाने स्वतःची प्रक्रिया पाळली का, हे मात्र ते पाहतं. नियमांत तिसरं वाचन आहे आणि नोंदीत फक्त '63, सरासरी' आहे, ही गोष्ट तिथे टिकणं अवघड आहे. एक्स्टर्नल एक्झामिनरवर ढकलायचा विचार कुणी मांडला तर तोही नको. बहुतेक विद्यापीठांत एक्स्टर्नल हा चौथा मार्कर नसतो. तो नमुना पाहून प्रक्रिया नीट झाली का ते सांगतो, एकेका विद्यार्थ्याचा गुण बदलत नाही. हे डिसर्टेशन त्याच्या नमुन्यात तुमच्या नोंदीसह आवर्जून ठेवा.

राहिल्या सीनियर मॅडम. त्यांना गुण ईमेलने कळवू नका, नोंद घेऊन वीस मिनिटं भेटा, आणि दुसऱ्या मार्करनाही तसंच, वेगवेगळं. सुरुवात त्यांच्या शेऱ्यातल्या बरोबर निघालेल्या भागापासून करा, कारण तो खरोखर बरोबर आहे : वरच्या उदाहरणात तिसरी थीम. मग पान 58 उघडून त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, 'मंडळाचा उल्लेख मला इथे सापडला नाही, दुसरीकडे कुठे आहे का?' हा खरा प्रश्न आहे, त्यांनी पान दाखवलं तर गुण बदला आणि का बदलला ते नोंदीत लिहा. 'तिने मला ते सांगितलं होतं' असं उत्तर आलं तर ते पानावर नाही, आणि गुण पानावरच्या कामाला आहेत. भेट संमतीसाठी नाही, तुमच्या वाचनातली चूक सापडावी म्हणून आहे. दोघांनी मान हलवली नाही तरी नियमानुसार तिसऱ्या मार्करचा गुण बोर्डाकडे जातो.

आणि गुरुवारआधी एक काम जरूर करा. या दुसऱ्या मार्करांनी यंदा आणखी किती मुलाखतींवरची डिसर्टेशनं तपासली, ते ऑफिसकडून काढून घ्या. 'नमुना लहान' आणि 'दुसरा कोडर नाही' ही वाक्यं तिथेही असतील, तर त्या मुलांचे सात-आठ गुण त्याच कारणाने गेले आहेत. फरक 10 च्या आत राहिला म्हणून तिसरं वाचन झालं नाही, आणि सरासरीत ते गुपचूप मुरून गेलं. अशी डिसर्टेशनं सापडली तर नावं आणि पान क्रमांकांसह यादी बोर्डाच्या अध्यक्षांना बैठकीआधी द्या. निकाल जाहीर झाल्यावर हेच दुरुस्त करायला प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र अपील करावं लागू शकतं, आणि मुळात काय चुकलं हे त्यांना माहीतच नसेल.